सात, अकरा, वीस : नोकरी गेलेल्या अकाउंटंटचा आठवडा

पगार खात्यात यायचा थांबला, तरी महिन्याच्या तारखा थांबत नाहीत. ७ तारखेपर्यंत टीडीएस भरायचा, ११ ला जीएसटीआर-१, १५ ला पीएफ, २० ला जीएसटीआर-३बी. दरमहा विवरणपत्रं भरणाऱ्या कुठल्याही कारखान्याचा किंवा दुकानाचा हिशेब याच तारखांवर चालतो. नोकरी गेलेल्या अकाउंटंटला या तारखा तोंडपाठ असतात, पण नोकरी शोधताना तो त्या वापरत नाही. तो ९ तारखेला सीए ऑफिसात फोन करतो, १८ ला कारखान्याच्या फायनान्स मॅनेजरला भेटायला जातो, आणि ‘नंतर बघू’ ऐकून परततो. समोरच्याला माणूस नको असतो असं नाही. त्या दिवशी त्याला मान वर करायला फुरसत नसते.

हाताशी बचत थोडी आणि घरात खाणारी तोंडं चार-पाच असली, की असे दिवस वाया घालवणं परवडत नाही. म्हणून अकाउंटंटच्या नोकरीशोधाचा आठवडा या तारखांभोवती बांधावा. तो कसा बांधायचा हे एका घराच्या आकड्यांवरून पाहू. घर काल्पनिक आहे, पण पिंपरी-चिंचवडमध्ये अशी घरं भरपूर सापडतील. वय एक्केचाळीस, बी.कॉम., भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात नऊ वर्षं दोन महिने नोकरी, हातात पगार ३६,००० रुपये. घरी बायको, दोन मुलं, आई. बँकेत १,४०,००० रुपये. घराचं कर्ज चालू.

आधी आठवडे मोजायचे

महिन्याचा खर्च सगळेच काढतात. बेकारीत तो आठवड्यावर काढावा, कारण शोधही आठवड्यानेच पुढे सरकतो. या घराचा खर्च ३७,००० होता. कर्जाचा हप्ता ११,५००, आईची औषधं २,००० आणि विम्याचे १,५०० याला हात लावायचा नाही. किराणा, पेट्रोल, मुलांची रिक्षा, मोबाइलचे प्लॅन आणि किरकोळ खर्च आवळले की आकडा ३१,००० वर येतो. त्याला बाराने गुणून बावन्नने भागलं की आठवड्याचा खर्च सुमारे ७,१५० रुपये. बँकेतल्या पैशांतून दवाखान्यासाठी २५,००० बाजूला काढले की उरतात १,१५,०००. म्हणजे सोळा आठवडे.

या हिशेबात ग्रॅच्युइटी अजून धरलेली नाही, कारण खात्यात न आलेला पैसा उत्पन्नात धरायचा नसतो. पण ती मागायची मात्र लगेच. पाच वर्षांहून जास्त सलग नोकरी झाल्यामुळे हक्क आहेच. मूळ पगार १९,००० असेल, तर त्याला १५ ने गुणून २६ ने भागायचं आणि पूर्ण नऊ वर्षांनी गुणायचं. साधारण ९८,६०० रुपये होतात. देय झाल्यापासून तीस दिवसांत ती द्यावी लागते. अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. पैसे आले की आणखी तेरा-चौदा आठवडे मिळतात.

पीएफला हात लावायचा मोह इथेच होतो. त्यातही पेन्शनचा भाग काढायचा विचार या माणसाने करूच नये. पेन्शनला पात्र व्हायला दहा वर्षांची सेवा लागते आणि याची नऊ वर्षं दोन महिने झाली आहेत. आता तो भाग काढला तर ही सेवा पुसली जाते आणि नव्या नोकरीत शून्यापासून मोजणी सुरू होते. न काढता तसाच ठेवला तर नव्या नोकरीच्या पहिल्याच वर्षात हा उंबरठा ओलांडला जातो. इथे घाई केली तर ती म्हातारपणी महाग पडते.

कर्जाचा हप्ता चुकेल असं दिसलं, तर तो बाउन्स होण्याआधी बँकेत जाऊन बोलावं. नव्वद दिवसांहून जास्त थकलेलं कर्ज बुडीत खात्यात जातं. हिशेबाच्या माणसाला त्याचा दुसराही फटका बसतो, कारण बँका आणि वित्तसंस्था नोकरी देताना उमेदवाराचा सिबिल बघतात. कंपनीचा आरोग्यविमा बहुधा नोकरीबरोबरच संपतो. तो त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत बदलून मिळतो का, हे सुटण्याआधीच विचारावं. घरात मधुमेह किंवा रक्तदाबाचा रुग्ण असेल तर नव्या पॉलिसीची प्रतीक्षा पुन्हा सोसावी लागत नाही.

जुनं ऑफिस नीट सोडायचं

पहिल्या आठवड्यात अर्जांपेक्षा कागद महत्त्वाचे. अनुभवाचं पत्र, रिलीव्हिंग लेटर, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या आणि फॉर्म १६ कधी मिळणार याचं लेखी उत्तर. पीएफच्या नोंदीत नोकरी सोडल्याची तारीख चढली का, तेही बघावं.

अकाउंटंटचं आणखी एक काम असतं, आणि ते हमखास राहून जातं. छोट्या कंपनीच्या जीएसटी, टीडीएस आणि बँकेच्या पोर्टलवर बऱ्याचदा अकाउंटंटचाच मोबाइल नंबर टाकलेला असतो. तो काढून घ्यायला लावावा. पासवर्ड, टोकन, चेकबुक, डिजिटल सही आणि डेटाचा बॅकअप यांची यादी करावी आणि ‘मिळाले’ म्हणून मालकाची सही घ्यावी. सहा महिन्यांनी कुठली नोटीस आली किंवा कुठला व्यवहार वादात सापडला, तर हाच कागद उपयोगी पडतो.

मग पहिला फोन करायचा तो जुन्या कंपनीच्या ऑडिटरला. मालकाखालोखाल आपलं काम त्यालाच ठाऊक असतं. व्हाउचर नीट लावलेली होती का, बँकेचा ताळा जमत होता का, शंका विचारल्यावर कागद किती वेळात पुढे यायचा, हे सगळं त्याने पाहिलेलं असतं. शिवाय त्याच्याकडे पाच-पन्नास कारखाने आणि दुकानं असतात. छोट्या उद्योगाचा अकाउंटंट सोडून गेला की मालक जाहिरात देण्याआधी सीएलाच विचारतो, ‘कुणी आहे का हो ओळखीचं?’ त्या क्षणी आपलं नाव त्याच्या डोक्यात असायला हवं.

महिन्याचे दोन भाग, आठवड्याचा एक सांगाडा

आठवड्याचा सांगाडा ठरलेला ठेवावा आणि महिन्याच्या तारखेप्रमाणे त्यातला भर बदलावा. १ ते २० या काळात भेटीगाठी कमी. या दिवसांत अर्ज, अभ्यास आणि हाती आलेलं सुटं काम. २१ पासून महिनाअखेरपर्यंत मात्र बाहेर पडायचं, कारण ३बी भरून झालेलं असतं आणि सीए ऑफिसात चहा प्यायला वेळ असतो. त्रैमासिक विवरणपत्रं भरणाऱ्या छोट्या व्यापाऱ्यांच्या तारखा थोड्या वेगळ्या असतात, सरकार कधी मुदत वाढवतं, पण महिन्याची लय हीच राहते.

सोमवारी सकाळी वही उघडायची. गेल्या आठवड्यात किती अर्ज गेले, किती फोन आले, कुठे प्रत्यक्ष बोलावलं, हे तीन रकाने भरायचे. मग या आठवड्यात ज्यांना गाठायचं अशा वीस ठिकाणांची यादी. ती चार गटांत केली तर बरं. सीए फर्म, एमआयडीसीतले छोटे-मध्यम कारखाने, हिंजवडी-खराडीसारख्या भागातली मोठ्या कंपन्यांची हिशेब-केंद्रं, आणि गृहनिर्माण सोसायट्यांचे किंवा बिल्डरांचे हिशेब सांभाळणारी ऑफिसं. हिशेब-केंद्रांत पगार बरा, पण इंग्रजीत बोलावं लागतं, टॅलीऐवजी सॅप असतं आणि पाळी रात्रीची असू शकते. सीए फर्ममध्ये पगार कमी, पण जागा लवकर मिळते आणि दहा तऱ्हेचे हिशेब हाताखालून जातात.

मंगळवार ते गुरुवार सकाळी दहा ते एक अर्ज. दिवसाला चार-पाचच, पण प्रत्येक वाचून. नोकरी डॉट कॉमसारखी संकेतस्थळं, केंद्र सरकारचं नॅशनल करिअर सर्व्हिस आणि राज्याचं महास्वयं, या तिन्हींवर नाव असावं. भरती करणारा माणूस शब्द टाकून शोधतो, म्हणून बायोडेटात कामाचे नेमके शब्द हवेत. ‘सर्व प्रकारची अकाउंट्सची कामं केली’ या वाक्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहावं : ‘दरमहा सुमारे ३५० खरेदी बिलांची टॅली प्राइममध्ये नोंद, जीएसटीआर-२बीशी मेळ, तीन बँक खात्यांचा ताळा दर आठवड्याला, ६० पुरवठादारांचा टीडीएस, ऑडिटसाठी ट्रायल बॅलन्सपर्यंत काम स्वतंत्रपणे.’ हे वाचून मालकाला आपल्या टेबलावर कोण येऊन बसणार ते दिसतं. आकडे अर्थात खरे हवेत, कारण मुलाखतीत पहिला प्रश्न त्यांच्यावरच येतो.

दुपारी जेवणानंतर फोन आणि, तारीख २१ च्या पुढे असेल तर, प्रत्यक्ष भेटी. एमआयडीसीत एकाच भागातली सहा-सात ऑफिसं एका फेरीत होतील अशी आखणी केली तर पेट्रोल वाचतं. फोनवर नोकरी मागण्याआधी काम सांगावं. ‘सर, मी नऊ वर्षं इंजिनिअरिंग कारखान्याचे हिशेब सांभाळलेत. तुमच्या कुठल्या क्लायंटकडे जागा असेल तर सांगा, आणि तोवर महिनाभराचं बॅकलॉगचं काम असेल तर तेही करीन.’ यातलं शेवटचं वाक्य फार कामाचं. सीए फर्मकडे साचलेलं काम जवळपास नेहमीच असतं, आणि त्या टेबलावर बसलेल्या माणसाला नोकरीच्या बातम्या आधी कळतात.

शुक्रवार परीक्षेचा

हल्ली अकाउंटंटच्या मुलाखतीत गप्पा कमी आणि परीक्षा जास्त. लॅपटॉप पुढे ठेवतात आणि तासाभराचं काम देतात. शुक्रवार त्याच्या तयारीसाठी राखावा.

सर्वांत जास्त विचारला जातो तो २बीचा मेळ. आपण माल घेतला, पुरवठादाराला जीएसटी दिला, तर तो कर आपल्या देण्यातून वजा करता येतो. पण पुरवठादाराने आपल्या विवरणपत्रात ते बिल दाखवलं असेल तरच. त्यांनी दाखवलेल्या बिलांची यादी दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीआर-२बी म्हणून पोर्टलवर येते. परीक्षेत असं देतात : वहीप्रमाणे वजावट ४,८२,०००, २बीप्रमाणे ४,५१,०००, फरक ३१,००० शोधा. कच्चा माणूस बेरजा पुन्हा तपासत बसतो. सरावलेला दोन्ही याद्या पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक आणि बिल क्रमांक धरून एक्सेलमध्ये जुळवतो. मग दिसतं की १८,००० चं एक बिल पुरवठादाराने विवरणपत्रात दाखवलेलंच नाही, ९,००० चं त्याने चुकून आपल्या दुसऱ्या राज्यातल्या शाखेच्या क्रमांकावर टाकलंय, आणि ४,००० चं बिल आपल्याच वहीत दोनदा चढलंय. पण काम इथे संपत नाही. पहिल्या पुरवठादाराचे पैसे थांबवायचे की नुसती आठवण करायची, दुसऱ्याकडून दुरुस्ती कशी करून घ्यायची, तिसरी नोंद कशी उलटवायची, हे सांगता आलं की समोरच्याला कळतं की हा माणूस टेबल सांभाळू शकेल.

बाकी अभ्यास नव्या बदलांचा. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा आला आहे. कलमांचे क्रमांक बदलले, ‘मागील वर्ष’ आणि ‘करनिर्धारण वर्ष’ जाऊन एकच ‘कर वर्ष’ आलं. जुनी कलमं पाठ असलेल्याने नवे क्रमांक शेजारी लिहून एक तक्ता करावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले आणि बहुतेक माल ५ आणि १८ टक्क्यांत आला. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची बिलं फार तर पंचेचाळीस दिवसांत, आणि लेखी करार नसेल तर पंधरा दिवसांत द्यावी लागतात, नाहीतर त्या वर्षी तो खर्च वजा मिळत नाही. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचं आहे. एका शुक्रवारी यातला एकच विषय घ्यावा. महागडा कोर्स लावायची घाई करू नये. पाच-सहा ठिकाणांहून सॅप येत नाही म्हणून नकार आला, तर मात्र त्याच्या खर्चाचा विचार करावा.

शनिवारचं काम, आठवडे वाढवणारं

शनिवार सुट्या कामाचा. घराजवळच्या मेडिकल, हार्डवेअर, कपड्यांच्या दुकानांना हिशेब लिहून देणारा माणूस लागतो, पण पूर्णवेळ परवडत नाही. दर गावागणिक वेगळे असतात. आपल्या उदाहरणात तीन दुकानं महिन्याला प्रत्येकी ३,००० देतात असं धरू. ९,००० आले की बचतीतून महिन्याला ३१,००० ऐवजी २२,००० जातील, आठवड्याला सुमारे ५,०८०. तेच १,१५,००० आता सोळा आठवड्यांऐवजी साडेबावीस आठवडे पुरतात. हातात सहा आठवडे जास्त असलेला माणूस पगाराच्या बोलणीत घाईने मान डोलावत नाही.

या कामाला मर्यादा आहेत. वह्या लिहिता येतात, मालकाच्या समोर त्याच्या ओटीपीवर विवरणपत्र भरून देता येतं. ऑडिट अहवालावर सही हे सीएचं काम. मालकाची डिजिटल सही घरी नेऊ नये, कराचे पैसे स्वतःच्या खात्यात घेऊ नयेत, आणि काय करून देणार हे एका कागदावर लिहून ठेवावं. तीनपेक्षा जास्त दुकानं घेतली, तर ११ आणि २० तारखेच्या आधी सगळा आठवडा त्यातच जातो आणि नोकरीचा शोध मागे पडतो.

फसवणूकही याच वाटेने येते. नोंदणी फी, लॅपटॉपचं डिपॉझिट किंवा ट्रेनिंगचे पैसे मागणारी नोकरी खरी नसते. अकाउंटंटला गाठणारा आणखी एक डाव असतो : ‘घरी बसून आमचे हिशेब ठेवा, पैसे तुमच्या खात्यात येतील, कमिशन ठेवून पुढे पाठवा.’ तो पैसा बहुधा दुसऱ्या कुणाला लुबाडून आणलेला असतो आणि पोलीस खात्यावर असलेल्या नावाचा शोध घेत घरी येतात. असा व्यवहार झालाच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवावं.

रविवारी घरच्यांसोबत बसावं. अर्धा तास वही सगळ्यांपुढे उघडायची, किती आठवडे उरले ते सांगायचं, आणि मग ती बंद करायची. बायकोला आणि जाणत्या मुलांना आकडा माहीत असला की काटकसर सगळ्यांची होते. शाळेची फी हप्त्यांत भरता येईल का, हे विचारायला कुणी जायचं, तेही तिथेच ठरतं.

वही काय सांगते

चार आठवड्यांनी सोमवारचे तीन रकाने वाचावेत. अर्ज साठ आणि फोन एक-दोनच असतील, तर दोष बायोडेटात किंवा अपेक्षित पगाराच्या आकड्यात आहे. फोन येतात पण परीक्षेनंतर गप्प होतात, तर शुक्रवार वाढवायला हवा. परीक्षा पार होते आणि पगारावर अडतं, तर बाजारातला आकडा आपण चुकीचा धरला आहे. सरसकट ‘मार्केट डाउन आहे’ म्हणून बसण्यापेक्षा यातलं नेमकं कुठे अडलं ते शोधून तेवढंच दुरुस्त करावं. बचतीचे आठवडे निम्मे झाले की पगाराची अट खाली आणायची, हेही पहिल्याच रविवारी घरात ठरवून ठेवावं. भीतीच्या भरात घेतलेल्या निर्णयापेक्षा आधी ठरवलेली अट बरी.

समजा दहाव्या आठवड्यात चाकणच्या एका कारखान्याने ३०,००० देऊ केले. जुना पगार ३६,०००. थांबायचं का? थांबून दोन महिन्यांत ३६,००० ची नोकरी मिळाली असं धरू. या दोन महिन्यांत हातचे ६०,००० जातील आणि दुकानांचे १८,००० येतील, म्हणजे ४२,००० चा खड्डा. नव्या नोकरीत महिन्याला ६,००० जास्त मिळतील, तर तो भरायला सात महिने लागतात, आणि तेही दोन महिन्यांत नक्की मिळालीच तर. म्हणून बहुतेक वेळा ३०,००० घेणं बरोबर ठरतं. पण आधी तीन गोष्टी विचारायच्या : पगार बँकेत आणि ठरलेल्या तारखेला होतो का, पीएफ कापून भरला जातो का, आणि ताळेबंदापर्यंतचं काम हाती देणार की नुसती व्हाउचर एंट्री. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘ताळेबंदापर्यंत’ असेल, तर वर्षभराने याच अनुभवावर पुढचा पगार मागता येतो. रुजू होताना जुनाच यूएएन क्रमांक द्यावा, म्हणजे मागची नऊ वर्षं दोन महिने नव्या नोकरीच्या सेवेला जोडली जातील आणि पेन्शनची दहा वर्षं त्याच वर्षात पूर्ण होतील.